यादीच्या आधी दोन टिंबं की एक?

वडील वारल्यावर सातबाऱ्यावर मुलांची नावं चढवायची असतील, तर वारस नोंदीचा अर्ज करावा लागतो. अर्जासोबत काय काय जोडायचं, याची सूचना कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवलेली असते. नमुन्यादाखल मी एक रचली आहे. अशा सूचना ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ती ओळखीची वाटेल.

वारस नोंदीसाठी पुढील कागदपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडाव्यात. अर्जावर सर्व वारसांच्या सह्या आवश्यक आहेत :-
१) मृत्यूचा दाखला
२) सातबारा उतारा
३) आठ-अ उतारा
४) वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र
५) ओळखीचा पुरावा म्हणून पुढीलपैकी कोणताही एक : आधार कार्ड
६) मतदार ओळखपत्र
७) वाहन परवाना
८) रहिवासाचा पुरावा

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. कारकुनाला विचारलंत तर तो म्हणेल, सगळं स्पष्ट लिहिलंय की! पण ही सूचना वाचून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स घेऊन येईल आणि मूळ प्रत घरीच ठेवेल. कारण ‘स्वसाक्षांकित प्रती’ असं वर लिहिलंय, आणि प्रतिज्ञापत्र त्याच यादीत आहे. ज्याच्याकडे वाहन परवाना नाही तो दारातच विचारेल, की परवाना नसला तर नोंद होणार नाही का? आणि एखादी चौकस म्हातारी ‘सह्या आवश्यक आहेत’ या ओळीखाली लगेच यादी बघून विचारेल, ‘बाळा, या सगळ्या कागदांवर आम्ही सगळ्यांनी सह्या करायच्या का?’ तिघांचेही प्रश्न रास्त आहेत, आणि तिघांचाही घोळ विरामचिन्हांपाशी सुरू झाला आहे.

दोन टिंबांच्या या चिन्हाला व्याकरणात अपूर्णविराम म्हणतात, बोलताना आपण कोलन म्हणतो. तपशील द्यायचा असेल तर वाक्याच्या शेवटी अपूर्णविराम द्यावा, एवढं शाळेत शिकवलं जातं आणि विषय संपतो. मग मोठेपणी यादी दिसली की हात आपोआप दोन टिंबं देतो, वर एक आडवी रेघही ओढतो. तपशील नेमका कोणत्या वाक्याचा आहे आणि तो कुठे संपतो, हे मात्र कुणी शिकवत नाही. कागदपत्रांच्या यादीत तर तेवढंच महत्त्वाचं असतं.

आधी थोडं मागे जाऊ. मोडी लिपीतल्या जुन्या कागदांत विरामचिन्हं नव्हती. शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत, वरची रेघ आधी ओढून तिला अक्षरं लटकवत जात. तरीही पेशवे दफ्तरातल्या हिशेबांत याद्या आहेत, आणि त्या व्यवस्थित वाचता येतात. तिथे दोन टिंबांचं काम एक शब्द करत असे : बितपशील. आधी एकूण आकडा, मग ‘बितपशील’, आणि मग एकेक कलम. वाचणाऱ्याला कळायचं की आता वरच्या आकड्याची फोड सुरू झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात मराठी गद्य छापलं जाऊ लागलं तशी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं आली. ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात हात असलेले हेच ते कँडी. शेजारच्या हिंदीने वाक्य संपवायला उभा दंड ठेवला, आपण टिंब घेतलं. अपूर्णविरामही त्याच लाटेत आला. चिन्ह आलं, पण वाक्यरचना आपलीच राहिली, आणि इंग्रजीत हे चिन्ह जिथे अडतं तिथे मराठीत अडत नाही.

इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं आणि यादी त्याच्यामागून. त्यामुळे कोलनच्या आधीचं वाक्य पुरं झालंय की अर्धवट आहे, हा तिथल्या शिक्षकांचा लाडका प्रश्न असतो. वाक्य अर्धवट असेल तर कोलन देऊ नये, असा त्यांचा दंडक आहे. मराठीत क्रियापद शेवटी. म्हणून यादी वाक्यात घ्यायची तर ती क्रियापदाच्या आधी, पोटात बसते : ‘अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सातबारा उतारा जोडावा.’ इथे कोलनला जागाच नाही. यादी क्रियापदानंतर न्यायची असेल, तर तिच्या जागी आधी एक बदली शब्द बसवावा लागतो : ‘अर्जासोबत पुढील कागदपत्रे जोडावीत.’ हे वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे. ‘जोडावीत’ आलं, वाक्य मिटलं. मग पूर्णविराम द्यायचा की अपूर्णविराम? व्याकरण दोन्हीला हरकत घेत नाही. ठरवायचं असतं ते ‘पुढील’ या शब्दाकडे बघून. तो शब्द वाचकाकडून उसना वेळ घेतो, थांबा, सांगतो म्हणतो. त्या वाक्याला लागूनच यादी येत असेल तर दोन टिंबं द्यावीत. यादी तिथे येणार नसेल तर एक.

मुळात यादी वाक्याबाहेर काढायचीच कशाला? दोन-तीन कागद असतील तर काढूच नये. पण चार-पाच झाले की मराठी वाक्याला दोन दुखणी जडतात. पहिलं दुखणं लिंगाचं. दाखला पुल्लिंगी, प्रत स्त्रीलिंगी, प्रतिज्ञापत्र नपुंसकलिंगी. ‘मृत्यूचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत व प्रतिज्ञापत्र जोडावे’ असं लिहिलं तर क्रियापद शेवटच्या नामाशी जुळतं आणि पहिली दोन पोरकी होतात. क्रम बदलून प्रत शेवटी आणली की ‘जोडावी’ करावं लागतं. कागद एक वाढला किंवा जागा बदलली की क्रियापद दुरुस्त करा! कार्यालयात दर वर्षी यादीत एखादा कागद वाढतो आणि क्रियापद जुनंच राहतं, त्यामुळे ‘फोटो, दाखला व पासबुक जोडावी’ असली वाक्यं भिंतीवर नांदतात. ‘पुढील कागदपत्रे जोडावीत’ म्हटलं की हा प्रश्न एकदाच सुटतो. खाली काहीही वाढवा, कमी करा, वरच्या वाक्याला हात लावायची गरज नाही.

दुसरं दुखणं याहून त्रासाचं आहे. यादी पोटात घेतलेल्या वाक्यात, कागदांचं करायचं काय हे वाचकाला शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. ‘मृत्यूचा दाखला, सातबारा उतारा, आठ-अ उतारा, रहिवासाचा पुरावा आणि आधार कार्ड यांच्या मूळ प्रती पडताळणीसाठी दाखवून परत घ्याव्यात.’ पाच कागद डोक्यावर घेऊन वाचक चालतोय, आणि ते द्यायचे आहेत की नुसते दाखवायचे, हे त्याला दारात पोचल्यावर कळतं. तेच ‘पुढील कागदपत्रांच्या मूळ प्रती पडताळणीसाठी दाखवाव्यात :’ असं आधी आलं की प्रत्येक नाव वाचताना ते कशासाठी हे ठाऊक असतं. दोन टिंबांचा खरा उपयोग हा आहे. क्रियापद यादीच्या आधी आणण्याची ती मराठीतली एक वाट आहे.

आता त्या भिंतीवरच्या सूचनेकडे परत वळू. तिथे तीन चुका आहेत.

अपूर्णविराम ज्या वाक्याच्या शेवटी असतो, यादी त्या वाक्याची होते. त्याच्या मागच्या वाक्याची नाही. सूचनेत ‘पुढील कागदपत्रांच्या’ हे पहिल्या वाक्यात आहे, पण दोन टिंबं सह्यांच्या वाक्यानंतर आहेत. मधली सह्यांची सूचना कुणीतरी नंतर घुसडली असणार, बहुतेक वेळा असंच होतं. मूळ मसुदा ठीक असतो. मग वरिष्ठ म्हणतात, सह्यांचंही टाका, आणि ते जिथे जागा दिसते तिथे, म्हणजे यादीच्या डोक्यावर, टाकलं जातं. उपाय सोपा आहे. सह्यांचं वाक्य आधी घ्यावं, त्याला पूर्णविराम द्यावा, आणि यादीची ओळ यादीला चिकटून ठेवावी. ते वाक्य मध्येच ठेवणं भाग असेल तर दोन्हीकडे पूर्णविराम द्यावा आणि यादीला वेगळा मथळा द्यावा. मथळा स्वतंत्र ओळीवर ठळक अक्षरांत असेल तर त्याला कुठलंच चिन्ह लागत नाही.

दुसरी चूक कमी दिसते आणि जास्त छळते. वरच्या वाक्यातली अट दोन टिंबांमधून खाली झिरपते. ‘स्वसाक्षांकित प्रती जोडाव्यात’ असं म्हणून दोन टिंबं दिली, की खालच्या प्रत्येक कागदाची स्वसाक्षांकित प्रत, असाच अर्थ होतो. पण प्रतिज्ञापत्र मूळच हवं असतं. यादी करणाऱ्याला हे इतकं माहीत असतं की लिहायचं सुचत नाही. ज्या कागदाला वरची अट लागू नाही, तो त्या यादीतून बाहेर काढावा आणि यादी संपल्यावर स्वतंत्र वाक्यात, पूर्णविरामासह सांगावा. कंसात ‘मूळ प्रत’ असं लिहूनही भागतं, पण गर्दीत उभं राहून भिंतीवरचं वाचणाऱ्याच्या नजरेतून कंस सुटतो.

तिसरी चूक यादीतल्या यादीची. अपूर्णविराम दार उघडतो, पण ते बंद करणारं चिन्ह आपल्याकडे नाही. अवतरणाला उघडण्याची आणि मिटण्याची वेगळी चिन्हं आहेत, कंसालाही आहेत. दोन टिंबांनी सुरू झालेला तपशील कुठे थांबला, हे सांगायला फक्त कागदाची मांडणी असते. म्हणून ‘पुढीलपैकी कोणताही एक : आधार कार्ड’ इथे दुसरं दार उघडलं आणि ते कुठे मिटलं हे कुणालाच कळलं नाही. मतदार ओळखपत्र हा पर्याय की सहावा अनिवार्य कागद? रहिवासाचा पुरावा हाही पर्यायच का? लिहिणाऱ्याच्या हस्तलिखितात बहुधा आतली ओळ थोडी सरकवून लिहिलेली असते. टंकलेखनात आपोआप क्रमांक पडतात आणि सगळं एका रांगेत येतं. एका यादीत एकदाच अपूर्णविराम वापरावा आणि पर्याय सांगायचे असतील तेव्हा पूर्णविरामाने संपणारं साधं वाक्य लिहावं, असं माझं मत आहे. पर्याय मोजकेच असतात, ते वाक्याच्या पोटात सहज बसतात.

या दुरुस्त्या केल्या की तीच सूचना अशी होते :

अर्जावर सर्व वारसांच्या सह्या असाव्यात. अर्जासोबत पुढील कागदपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडाव्यात :
१) मृत्यूचा दाखला
२) सातबारा उतारा
३) आठ-अ उतारा
४) रहिवासाचा पुरावा
५) ओळखीचा पुरावा
ओळखीचा पुरावा म्हणून आधार कार्ड, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी कोणताही एक चालेल. वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र मात्र मूळ द्यावे.

आठ कलमांची पाच झाली, आणि दोन ओळी वाढल्या. वाहन परवाना नसलेला माणूस आता निवांत आहे. (खरा अर्ज करताना यादी आपल्या तलाठ्याकडूनच घ्यावी. प्रकरणानुसार कागद बदलतात, आणि वरचा नमुना विरामचिन्हांसाठी आहे.)

आता बाजू बदलू आणि अर्जदाराच्या खुर्चीत बसू. आपल्या अर्जाच्या साच्यात या दोन चिन्हांची वाटणी पूर्वीच झाली आहे, फक्त आपण तिच्याकडे बघत नाही. ‘विषय : वारस नोंद करण्याबाबत.’ या एका ओळीत दोन्ही आहेत. ‘विषय’ हे लेबल आहे, वाक्य नाही, म्हणून त्यापुढे दोन टिंबं. ओळ संपली तिथे एक. ‘संदर्भ :’ आणि तळाशी येणारं ‘सोबत :’ ही तशीच लेबलं. तिथे दोन टिंबांना पर्याय नाही, ‘सोबत’ पुढे पूर्णविराम दिला तर ते शब्दाचं संक्षिप्त रूप वाटेल.

घोटाळा होतो तो अर्जाच्या मजकुरात. ‘माझ्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ पुढील कागदपत्रे जोडत आहे :’ असं लिहून लोक खाली ‘तरी माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही विनंती’ लिहितात, मग ‘आपला विश्वासू’, सही, पत्ता, आणि सगळ्यात शेवटी ‘सोबत’ची यादी. मधली दोन टिंबं अधांतरी राहिली. वाचणारा यादी शोधतो, त्याला विनंती सापडते. इथे पूर्णविरामच बरा : ‘माझ्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ पाच कागदपत्रे सोबत जोडली आहेत.’ वाक्य मिटलं, ‘पुढील’ गेलं, आणि त्या जागी आकडा आला. आकड्याचा फायदा असा, की आवक विभागातला कारकून तळाची यादी मोजून बघतो आणि मग पोच देतो. एखादा कागद नंतर गहाळ झाला, तर पाच दिले होते हे तुमच्या सहीच्या वर लिहिलेलं असतं.

यादी दुसऱ्या पानावर, मागच्या बाजूला किंवा वेगळ्या परिशिष्टात असेल तेव्हाही हाच न्याय. ‘कागदपत्रांची यादी मागील पानावर दिली आहे.’ आणि पूर्णविराम. पानाच्या तळाशी दोन टिंबं ठेवून पान संपवणं वाईट, कारण त्या पानाची एकट्याची झेरॉक्स निघते आणि पुढचं पान हरवतं. व्हॉट्सॲपवर तर रोजच घडतं हे. सोसायटीचे सेक्रेटरी ‘पुढील कागदपत्रे रविवारपर्यंत द्यावीत :’ लिहितात आणि यादीचा फोटो वेगळा पाठवतात. लोक पहिला संदेश पुढे ढकलतात, फोटो राहतो, आणि दोन टिंबांखाली काहीच नाही असा निरोप गावभर फिरतो. फोटो वेगळा जाणार असेल तर ‘यादीचा फोटो खाली पाठवला आहे.’ एवढं वाक्य पुरे. फोटो आला नाही तर निदान मागता येतो.

आणखी एका जागी मी पूर्णविरामाच्या बाजूने आहे. यादीतलं प्रत्येक कलम स्वतःच एक-दोन वाक्यांचं असेल तेव्हा. ‘दाखला ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा असावा. रुग्णालयाचे प्रमाणपत्र चालणार नाही.’ अशी कलमं म्हणजे सुट्या सूचना असतात, त्या वरच्या वाक्यात ओवल्या जात नाहीत. त्यांच्या आधी ‘कागदपत्रे जोडताना पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.’ म्हणून पूर्णविराम दिला तर काही बिघडत नाही, उलट प्रत्येक कलम आपल्या पायावर उभं राहतं. दोन टिंबं दिली तर चूक नाही, पण ती नावांच्या यादीपुढे जशी शोभतात तशी इथे शोभत नाहीत.

चिन्ह कागदावर कसं उमटतं, याबद्दल दोन गोष्टी. मराठीत विसर्ग आहे, आणि विसर्ग व अपूर्णविराम जुळ्या भावांसारखे दिसतात. ‘सोबत’ला चिकटवून दोन टिंबं दिली की ‘सोबतः’ असा, जगात नसलेला संस्कृत शब्द तयार होतो. म्हणून मराठी छपाईत अपूर्णविरामाच्या आधी थोडी मोकळी जागा सोडतात, इंग्रजीत सोडत नाहीत. संगणकासाठी ही दोन पूर्णपणे वेगळी अक्षरं आहेत. ‘स्वतः’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाकलं तर दिसायला फरक नाही, पण शोध घेताना तो शब्द सापडत नाही. आणि दोन टिंबांपुढची ती आडवी रेघ. जुन्या इंग्रजी छपाईत ती सर्रास असे, तिथून आपल्या सरकारी पत्रात आली. इंग्रजीत ती आता मोडीत निघाली आहे. आपल्याकडे ती अजून नांदते आणि कुठलंही काम करत नाही. काढून टाकावी.

‘इत्यादी’चंही तेच. अपूर्णविराम देऊन यादी मांडली की वाचक ती पुरी धरतो, मोजतो, पिशवीत भरतो. शेवटी ‘इत्यादी’ आलं की खिडकीवर बसलेल्याला वाटेल ते मागायची मोकळीक मिळते. फळांच्या नावांपुढे इत्यादी ठीक आहे, कागदपत्रांच्या यादीत नको. यादी खरोखरच अपुरी असेल, तर तसं वेगळं सांगावं : ‘प्रकरणानुसार आणखी कागदपत्रे मागितली जाऊ शकतात.’ पूर्णविराम.

कायद्याच्या भाषेतही विरामचिन्हांना दुय्यम मान आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये अश्विनीकुमार घोष यांच्या खटल्यात म्हटलं होतं, की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह ही गौण बाब आहे. न्यायालयापुढे दोन्ही बाजूंचे वकील असतात, आधीचे निवाडे असतात, वेळ असतो. भिंतीवरची सूचना वाचणाऱ्याकडे यातलं काही नसतं. त्याने अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून एसटी पकडलेली असते.

तेव्हा सूचना लिहिणाऱ्यांना एक विनंती. कागद भिंतीला लावण्याआधी यादी तळहाताने झाका आणि तिच्या वरचं फक्त शेवटचं वाक्य वाचा. ते वाक्य यादी मागत असेल, आणि झाकलेल्या प्रत्येक कागदाला ते जसंच्या तसं लागू पडत असेल, तर दोन टिंबं द्या. एकाही कागदाला लागू पडत नसेल तर तो कागद यादीतून काढा, खाली त्याचं वेगळं वाक्य करा, आणि त्याला पूर्णविराम द्या.